चाकापासून दारापर्यंत एक वीत

«ताई, नमस्कार. आम्ही दोन वर्षांपूर्वी पुण्याहून इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला आलो. मी, नवरा आणि सहा वर्षांची मुलगी. जूनपासून सासू-सासरे सांगलीहून पाच महिने राहायला येताहेत. सासूबाईंचे गुडघे दुखतात. सेकंड हँड गाडी घ्यायची आहे. डीलर म्हणतो, ‘फॅमिली कार’ कशाला, त्याच पैशात ‘एक्झिक्युटिव्ह’ मिळते, वरच्या वर्गातली बीएमडब्ल्यू ३ सिरीज. नवऱ्याचा मित्र म्हणतो, स्कोडा ऑक्टाव्हिया घ्या. जाहिरातींत सिटी कार, सुपरमिनी, स्मॉल फॅमिली, लार्ज फॅमिली, एक्झिक्युटिव्ह असे शब्द असतात. हे वर्ग ठरतात कशावरून? वरच्या वर्गातली गाडी आतून मोठीच असते ना? आमची पार्किंगची जागा आखून दिलेली आहे, मागे भिंत आहे.
— मिल्टन कीन्सची एक वाचक»

नमस्कार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पैसे त्यावरच अडलेत. नाही, वरच्या वर्गातली गाडी आतून मोठी असतेच असं नाही. तुम्हाला दाखवलेली ३ सिरीज मागच्या सीटवर ऑक्टाव्हियापेक्षा मोकळी नाही आणि तिची डिकीही लहान आहे. डीलर खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. त्याच्या धंद्यात ‘एक्झिक्युटिव्ह’ हा शब्द किंमत, इंजिनाची ठेवण आणि प्रतिष्ठा सांगतो, तुम्ही मात्र त्यातून जागा किती ते वाचलंत. माझी बावीस वर्षं गाडीच्या आतली जागा मोजण्यात गेली, आधी पुण्यात आणि मग कॉव्हेन्ट्रीजवळ. माणसाचं नितंब नेमकं कुठे येईल, गुडघा कुठे, डोकं कुठे, हे ठरवणारं ते खातं. त्यामुळे हा गोंधळ मला फार जवळून ठाऊक आहे.

ही वर्गवारी कायद्यात कुठेही लिहिलेली नाही. कंपन्यांच्या विलीनीकरणाची प्रकरणं तपासताना कोण कोणाशी स्पर्धा करतं हे पाहायला युरोपियन कमिशन अक्षरं वापरतं. ए म्हणजे मिनी, बी म्हणजे लहान, सी मध्यम, डी मोठी, ई एक्झिक्युटिव्ह, एफ लक्झरी. या रेषा पुसट आहेत, लांबीशिवाय किंमत, प्रतिमा आणि सोयीही त्यात मिसळतात, असं कमिशन स्वतःच म्हणतं. इंग्लंडमधली मोटार उत्पादकांची संघटना एसएमएमटी तीच उतरंड मिनी, सुपरमिनी, लोअर मीडियम, अपर मीडियम, एक्झिक्युटिव्ह आणि लक्झरी सलून अशा नावांनी मोजते. तुमची ३ सिरीज तिथे ‘अपर मीडियम’मध्ये पडते, म्हणजे स्कोडा सुपर्ब आणि फोक्सवॅगन पसाट या ‘लार्ज फॅमिली’ गाड्यांच्याच रांगेत. ‘कॉम्पॅक्ट एक्झिक्युटिव्ह’ आणि ‘लार्ज फॅमिली’ ही एकाच डी वर्गाची दोन नावं आहेत. पायरी तीच, त्या पायरीवर जागा कशावर खर्च करायची एवढाच फरक.

खालून सुरुवात करू, म्हणजे चढताना काय बदलतं ते दिसेल.

सिटी कार साधारण साडेतीन ते पावणेचार मीटरची. ह्युंदाई आय१० सुमारे ३.६७ मीटर, किया पिकांटो ३.६ मीटर. एवढ्याशा लांबीत चार माणसं बसतात, कारण ती ताठ बसतात. गाडी उंच केली की माणूस खुर्चीत बसल्यासारखा बसतो, पाय लांब पसरत नाहीत आणि लांबी वाचते. म्हणूनच आय१०चं छत ३ सिरीजच्या छतापेक्षा उंच आहे. सासूबाईंच्या गुडघ्यांकडे येऊ तेव्हा हे आठवा. पण या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांना, म्हणजे फियाट ५००, फोक्सवॅगन अप आणि टोयोटा आयगोला, सीटचे पट्टे चारच. तुम्ही पाच जण असाल, तेव्हा हा वर्ग इथेच संपला.

सुपरमिनी म्हणजे बी वर्ग, चार मीटरच्या आसपास. फोक्सवॅगन पोलो, ह्युंदाई आय२०, आपली स्विफ्ट. पाच पट्टे असतात, पण मागे तीन मोठी माणसं लांबच्या प्रवासाला बसवू नयेत, अडचण खांद्यांची होते. पुण्याहून आलेल्यांना इथे एक गोष्ट चकवते. २००६ साली आपल्याकडे चार मीटरच्या आतल्या लहान इंजिनाच्या गाड्यांवरचा उत्पादनशुल्क कमी झाला, म्हणून पुढे स्विफ्ट डिझायरची डिकी कापून ती ३,९९५ मिलिमीटरवर आणली. तशी सलून, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेली गाडी, इंग्लंडमध्ये मिळतच नाही, कारण ती रेषा कराने आखलेली होती. उलट होंडा सिटी साडेचार मीटरहून लांब असूनही मुळात लहान गाडीच्याच सांगाड्यावर उभी आहे. मागे डिकी जोडली की लांबी वाढते, वर्ग वाढत नाही. वर्ग ओळखायचा तर आधी रुंदी आणि सांगाडा बघावा, लांबी नंतर.

सी वर्ग म्हणजे ‘स्मॉल फॅमिली’. याचं माप म्हणजे फोक्सवॅगन गोल्फ, सध्या ४.२८ मीटर. १९७४ची पहिली गोल्फ ३.७ मीटर होती, म्हणजे आजची पोलोसुद्धा तिच्याहून पस्तीस सेंटीमीटर लांब. आजची गोल्फ १९७३च्या पहिल्या पसाटपेक्षा लांब आहे. प्रत्येक पिढी थोडी वाढते, नाव तेच राहतं आणि खाली नव्या लहान गाडीला जागा होते. म्हणून ‘ही कोणत्या वर्गातली’ असं विचारताना गाडी कोणत्या सालची ते धरूनच विचारावं. १९८८ची ५ सिरीज ४.७२ मीटर होती, आजची ३ सिरीज ४.७१ मीटर आहे. तुमच्या डीलरकडची जुनी ‘एक्झिक्युटिव्ह’ आणि नवी ‘एक्झिक्युटिव्ह’ एकाच मापाच्या नसतील.

लांबीपलीकडचा एक फरक सी वर्गात दिसू लागतो. सिटी कार आणि सुपरमिनीला मागची दोन्ही चाकं साधारणपणे एकाच पिळदार आडव्या तुळईने जोडलेली असतात. ती स्वस्त आणि मजबूत, तिला जागाही कमी लागते, पण एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्यालाही त्याची खबर जाते. गोल्फ आणि ऑक्टाव्हियात कमी ताकदीच्या इंजिनाबरोबर हीच तुळई मिळते, तर जास्त ताकदीच्या इंजिनाबरोबर प्रत्येक चाकाला स्वतंत्र दांड्यांची जुळणी. डी वर्गात बहुधा स्वतंत्रच मिळते. मागे पाच महिने वडीलधारी बसणार आहेत, तेव्हा ऑक्टाव्हिया बघताना ती स्वतंत्र दांड्यांची जुळणी, म्हणजे ‘मल्टिलिंक’, आहे का एवढं विचारा. चाचणीच्या फेरीत तुम्ही मागे बसा आणि रस्त्यावरच्या उंचवट्यावरून गाडी मुद्दाम तिरकी न्यायला सांगा, म्हणजे फरक अंगाला कळेल.

आता डी वर्ग. तुमचं पत्र खरं तर याच्याबद्दलच आहे.

तीन गाड्या शेजारी ठेवू. ऑक्टाव्हिया (२०२०पासूनची पिढी) ४.६९ मीटर लांब, ३ सिरीज (२०१९पासूनची) ४.७१ मीटर आणि सुपर्ब (२०१५ ते २०२३ची) ४.८६ मीटर. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, हे आतल्या जागेचं माप मानतात. तो ऑक्टाव्हियाचा २.६९ मीटर, सुपर्बचा २.८४ आणि ३ सिरीजचा २.८५. कागदावर ३ सिरीज सगळ्यांच्या पुढे. मग तिच्या मागच्या सीटवर बसलं की गुडघे पुढच्या सीटला का टेकू लागतात? आणि सुपर्बमध्ये पायावर पाय टाकून बसता येतं, ते कसं?

कारण पुढे आहे. ऑक्टाव्हिया आणि सुपर्बमध्ये इंजिन आडवं बसवलेलं असतं, गिअरबॉक्स त्याच्या शेजारी, आणि दोन्ही मिळून पुढची चाकं फिरवतात. हा सगळा पसारा पुढच्या चाकांच्या आसपास मावतो, त्यामुळे चाक संपलं की लगेच माणसांची खोली सुरू होते. १९५९च्या मिनीत अभियंते अलेक इसिगॉनिस यांनी आडव्या इंजिनाची हीच युक्ती वापरून तीन मीटरच्या गाडीत चार माणसं बसवली होती. ३ सिरीजमध्ये इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेनं बसतं, गिअरबॉक्स त्याच्या मागे, थेट दोन पुढच्या सीटांच्या मधोमध, आणि तिथून एक दांडा गाडीच्या पोटाखालून मागच्या चाकांपर्यंत जातो. इंजिन शक्य तितकं मागे सरकवलेलं असतं, म्हणजे वजन पुढच्या-मागच्या चाकांवर जवळजवळ निम्मं निम्मं पडतं. त्यासाठी पुढची चाकं पुढे ढकलावी लागतात. व्हीलबेस वाढतो खरा, पण वाढलेली जागा इंजिनाला मिळते, माणसाला नाही.

हे ओळखायला टेपही लागत नाही. गाडीच्या बाजूला उभं राहा. पुढच्या चाकाच्या कमानीची मागची कड आणि पुढच्या दाराची कड यांच्यामधला पत्रा हाताने मोजा. ३ सिरीजला तिथे तुमची वीत आरामात बसेल. ऑक्टाव्हियाला दार जवळजवळ कमानीला लागूनच सुरू होतं. ती वीत ज्या गाडीला आहे तिच्या व्हीलबेसमधून तेवढी वीत मनातल्या मनात वजा करा, आतल्या जागेचा अंदाज बराच खरा येईल. आमच्या खात्यात या अंतराला मान होता, कारण शैलीकारांना ते हवंहवंसं वाटायचं आणि आम्हाला नको असायचं. लांब नाकाची गाडी श्रीमंत दिसते हे खरं आहे. तो दिखाऊपणाही नव्हे. स्टिअरिंगच्या चाकांवर इंजिनाची ओढ नसते म्हणून हातात येणारा स्पर्श स्वच्छ असतो, आणि लांबीच्या दिशेने सहा सिलिंडरचं इंजिनही मावतं. ज्याला गाडी चालवण्याचा आनंद हवा आहे आणि मागे फार तर एक मूल आहे, त्याला मी ३ सिरीजच घे म्हणेन. तुमचा प्रश्न वेगळा आहे.

तुमच्याकडे मागे तिघं बसणार. ३ सिरीजच्या मधल्या सीटखालून तो दांडा जातो, म्हणून मधोमध उंच बोगदा आहे. पहिल्या पगारवाढीनंतर मी अशीच लांब नाकाची एक सलून घेतली होती. आईला घेऊन आम्ही कॉर्नवॉलला निघालो तेव्हा मध्ये ती बसली, कारण बाकीचे उंच होते. पाय बोगद्याच्या दोन्ही बाजूंना, गुडघे जवळजवळ छातीशी. पाच तासांनी उतरताना तिला दारापर्यंत सरकताच येईना. रोज ज्या मापांवर मी काम करत होते ती माझ्याच गाडीत मी मोजली नव्हती, याचं मला आजही वाईट वाटतं.

बोगदा ऑक्टाव्हिया आणि सुपर्बमध्येही आहे, हे लपवत नाही. त्यांच्या काही आवृत्त्यांत इंजिन चारही चाकं फिरवतं, म्हणून तळ तसाच बनवलेला असतो. पण तुमच्याकडे मध्ये मुलगीच बसेल, आणि तिचे पाय अजून खाली टेकतच नाहीत. इथे एक गोष्ट आधी तपासा. इंग्लंडमध्ये बारा वर्षं किंवा १३५ सेंटीमीटर उंची, यातलं जे आधी होईल तोवर मुलांना बाल-आसन लागतं, आणि नव्याने मान्यता मिळालेली बिनपाठीची आसनं १२५ सेंटीमीटर आणि २२ किलोच्या खालच्या मुलांना चालत नाहीत. म्हणजे तिचं आसन पाठीचं असणार. बाल-आसन अडकवायची आयसोफिक्सची कडी साधारण बाजूच्या सीटांनाच असते, म्हणून मधे बसवायचं तर पट्ट्याने बांधता येणारं आसन हवं. ते शोरूमला घेऊन जा, मधे लावा आणि मग दोन्ही बाजूंना तुम्ही दोघं बसून दारं बंद करा. आसनाच्या कडेखाली गेलेलं पट्ट्याचं कुलूप मोठ्या माणसाच्या हाताला लागतं का तेही बघा. कागदावर पाच जणांच्या असलेल्या बऱ्याच गाड्या तिथे नापास होतात.

डिकीचं बोलायचं तर, जाहिरातीतला लिटरचा आकडा २० बाय १० बाय ५ सेंटीमीटरच्या, बरोबर एक लिटरच्या ठोकळ्यांनी मोजलेला असतो. ठोकळे कोपऱ्यात, कमानीवर, बिजागरीजवळ सगळीकडे जातात. हीथ्रोवर सासू-सासरे चार मोठ्या बॅगा घेऊन उतरतील. ७८ बाय ५० बाय ३० सेंटीमीटरची बॅग धरली तर एक बॅग ११७ लिटर, चार मिळून ४६८. ३ सिरीजची डिकी ४८० लिटर, म्हणजे हिशेबाने मावल्या. प्रत्यक्षात मावणार नाहीत, कारण बॅग वाकत नाही, आणि सलूनच्या डिकीचं तोंड मागच्या काचेखालून अरुंद सुरू होतं. ऑक्टाव्हियाची डिकी ६०० लिटर, सुपर्बची ६२५, आणि दोन्ही दिसायला सलून असल्या तरी त्यांची काच झाकणासकट वर उघडते. आत वाकून बॅग आडवी सरकवता येते. याच ऑक्टाव्हियाची इस्टेट, म्हणजे छत थेट मागपर्यंत नेलेली आवृत्ती, तेवढ्याच लांबीत ६४० लिटर देते. मर्सिडीजच्या भल्यामोठ्या एस क्लासलाही ऑक्टाव्हियाएवढी डिकी नाही.

एक फसगत मात्र टाळा. प्लग-इन हायब्रिड आवृत्तीत बॅटरी मागे बसते आणि डिकी खाते. ऑक्टाव्हियाची ६००वरून ४५० होते, सुपर्बची ४८५, ३ सिरीजची ३७५. जाहिरातीत अनेकदा साध्या गाडीचा आकडा छापलेला असतो. डिकीचा तळ उचलून खाली काय आहे ते पाहा आणि घरची सर्वांत मोठी रिकामी बॅग सोबत न्या.

आता भिंत. इंग्लंडमध्ये आखलेली जागा साधारण ४.८ बाय २.४ मीटर असते. ऑक्टाव्हिया त्यात अकरा सेंटीमीटर राखून बसते, ३ सिरीज नऊ. सुपर्ब सहा सेंटीमीटर बाहेर येईल. भिंतीला बंपर टेकवून कोणी गाडी लावत नाही, डिकी उघडायला मागे उभं राहावं लागतं, तेव्हा प्रत्यक्षात ती अर्धा मीटर तरी बाहेर असेल. समोर फुटपाथ असेल तर शेजारी बोलतील. तुमची जागा टेपने मोजा, आखणीपासून नव्हे तर भिंतीपासून.

वरच्या दोन वर्गांचं थोडक्यात सांगते, कारण डीलर पुढे ५ सिरीजही दाखवेल. खरा एक्झिक्युटिव्ह वर्ग तो, ई. ५ सिरीज, मर्सिडीज ई क्लास, ऑडी ए६, सगळ्या पाच मीटरच्या आसपास. इथे व्हीलबेस तीन मीटरला टेकतो, म्हणून लांब नाक असूनही मागे जागा उरते, आणि काचा, दारं, तळ यांत आवाज अडवण्यावर खर्च केलेला असतो. तरी युरोपात या गाडीचा मालक पुढे बसतो आणि स्वतः चालवतो. आपल्याकडे तो मागे बसतो, म्हणून मर्सिडीजने २०१७ साली चाकणला ई क्लासची लांब आवृत्ती बनवायला घेतली, व्हीलबेस १४ सेंटीमीटर जास्त. ती सगळी लांबी मागच्या माणसाच्या पायांना मिळाली. पुण्यात पाहिलेली ई क्लास डोळ्यांसमोर ठेवून इथली बघायला गेलात तर ती आखडल्यासारखी वाटेल, आणि कारण हेच आहे. त्याही वर एफ, म्हणजे एस क्लास आणि ७ सिरीज, सव्वापाच मीटरच्या आसपास किंवा त्याहून लांब. तिथे मागची उजवी-डावी सीट हीच मुख्य, बाकी गाडी तिच्याभोवती रचलेली. त्या तुमच्या पार्किंगमध्ये उभ्याच राहणार नाहीत.

पैशाचा एक मुद्दा नावाला चिकटून येतो. एप्रिल २०१७पासून नोंदलेल्या पेट्रोल किंवा डिझेल गाडीची नवी असतानाची किंमत ४०,००० पौंडांच्या वर असेल, तर दुसऱ्या वर्षापासून पाच वर्षं रोड टॅक्सवर जादा रक्कम भरावी लागते. गाडी तुम्ही निम्म्या किमतीत घेतलीत तरीही. आणि त्या किमतीत पहिल्या मालकाने निवडलेल्या जादा सोयीही धरतात. तीन-चार वर्षांच्या ३ सिरीजला हे सहज लागू शकतं, साध्या ऑक्टाव्हियाला क्वचित. डीलरला मूळ यादी-किंमत कागदावर दाखवायला सांगा. विम्याचा आकडाही गाडी पक्की करण्याआधीच काढून घ्या, ताकदवान इंजिन तो वर नेतं.

राहिले सासूबाईंचे गुडघे. या बाबतीत वर्गांची शिडी उलटी पडते. सिटी कारपेक्षा डी वर्गातली सलून बहुधा बसकी असते. सुमारे १.४४ मीटर उंचीच्या ३ सिरीजमध्ये माणूस खाली उतरल्यासारखा बसतो. ऑक्टाव्हिया आणि सुपर्ब १.४७, म्हणजे तीन सेंटीमीटर बऱ्या, पण फार नव्हे. त्रास बसताना होतो त्याहून जास्त उठताना होतो, कारण सीट गुडघ्याच्या खाली असली की सगळं वजन गुडघ्यांवर उचलावं लागतं. सांगलीला फोन करा आणि घरातल्या कोणत्या खुर्चीतून त्या हाताचा आधार न घेता उठतात ते विचारा. त्या खुर्चीची जमिनीपासूनची उंची कुणाकडून तरी मोजून घ्या. शोरूममध्ये मागच्या सीटची कड जमिनीपासून किती आहे ते मोजा, आणि दाराखालचा उंबरा किती रुंद आहे तेही, कारण रुंद उंबऱ्यावरून पाय लांब टाकावा लागतो. सीट खुर्चीपेक्षा पाच-सात सेंटीमीटर खाली असेल तर त्या छताजवळची मूठ धरून उठू शकतील. दहा-बाराच्या वर गेली तर सलूनचा नाद सोडा आणि त्याच सी वर्गातली उंच गाडी बघा, स्कोडा कारोक किंवा तशी एखादी. लांबीला ती ऑक्टाव्हियापेक्षा आखूड असते, तुमच्या जागेत बसेल.

खुर्चीचं माप जमलं तर मी ऑक्टाव्हिया घेईन, आणि मिळाली तर इस्टेट, मल्टिलिंकची, प्लग-इन नसलेली. सुपर्बची मागची सीट मला मनापासून आवडते, आणि भिंत नसती तर तीच सुचवली असती. मोजमापं झाली की कळवा, विशेषतः खुर्चीचं.